चक्कर मारा की मरा?

मोबाईलवरच्या लेखनचुकांकडे आपण हसण्यावारी बघतो. शब्द अगदीच भलता उमटला, तर ते ठीकच. 'जेवायला या'च्या जागी 'जेवायला यखा' आलं, तर बोट घसरलं हे वाचणाऱ्याला लगेच कळतं. पण फोन चुकला की सहसा निरर्थक अक्षरं लिहीत नाही. तो आपल्या साठ्यातला खराखुरा, शुद्ध शब्द काढून देतो. त्यामुळे चूक चुकीसारखी दिसत नाही. तिला अर्थ असतो, आणि तो अर्थ पाठवणाऱ्याच्या नावावर जमा होतो. 'आजकाल सगळ्यांना कळतं की हे फोनचं काम आहे' असं म्हणणारे इथेच फसतात. कळतं ते निरर्थक चुकीबद्दल. अर्थपूर्ण चुकीबद्दल शंका उरते, आणि नात्यात आधीच थोडी कुरबुर असेल, तर शंकाच खरी वाटते.

पैठण रस्त्यावरच्या आपल्या चितेगावचंच उदाहरण घेऊ. समजा, कंपनीत कामाला असलेला एक जावई सासऱ्यांना लिहितो आहे, 'मामा, सुटी झाली की घराकडे चक्कर मारा.' तो इंग्रजी अक्षरांत mara असं टाइप करतो आणि फोन त्याचं देवनागरी करून देतो. आता a हे एकच अक्षर. ऱ्हस्व की दीर्घ, हे त्यात लिहिलेलंच नाही. फोन 'मारा' आणि 'मरा' हे दोन्ही शब्द पुढे करतो, घाईत अंगठा दुसऱ्यावर पडतो, आणि मामांना निरोप जातो, 'घराकडे चक्कर मरा.' ल आणि ळ यांचंही तेच, दोन्ही l. 'गावात मेळा आहे' लिहायला गेलं की 'गावात मेला आहे' होऊन बसतं. आवाजाने लिहिताना वेगळी अडचण येते. गूगलने 2017 साली मराठीला ही सोय दिली आणि टाइप करायचा कंटाळा असलेल्यांचं काम सोपं झालं. पण मराठीतला मान बहुतेक वेळा शेवटच्या एका स्वरावर उभा असतो. 'बसा', 'करा', 'सांगा' यांतला 'आ' यंत्रांच्या गोंगाटात विरला की उरतं 'बस', 'कर', 'सांग'. शिवाय बोलताना प्रश्नाचा सूर असतो, पण चिन्ह उमटेलच असं नाही. 'पैसे दिले नाहीत?' ही साधी विचारपूस प्रश्नचिन्ह गळताच आरोप होते.

मग सावरायचं कसं? पहिला विचार येतो पुसून टाकण्याचा. व्हॉट्सअॅपवर साधारण अडीच दिवसांपर्यंत निरोप सगळ्यांसाठी पुसता येतो, पण मागे 'निरोप पुसला' अशी खूण राहते. मामांनी तोवर वाचलं असेल, तर आता त्यांच्या हातात शिवीही आहे आणि ती लपवल्याचा पुरावाही. दुरुस्तीची सोय 2023 पासून आहे. पंधरा मिनिटांच्या आत शब्द बदलता येतो. वाचलं नसेल तर तेवढ्याने भागतं. निळ्या खुणा आल्या असतील, तर शब्द बदलूनही खाली एक ओळ लिहावीच: 'मामा, चक्कर मारा म्हणायचं होतं, चुकून भलतंच गेलं. माफ करा. सहा वाजता या, चहा ठेवतो.' यात नेमका शब्द आहे, माफी एकदाच आहे, आणि मूळ आमंत्रण पुन्हा दिलेलं आहे. यातलं शेवटचं सर्वांत मोलाचं. कारण मामांना शंका असते ती शब्दाची नाही, बोलावण्याची. हसरे चेहरे मात्र टाळावेत, मोठ्यांना ते टवाळीसारखे वाटतात. आणि ही ओळ बोटांनी लिहावी, घाबरून पुन्हा माइकला बोलू नये.

कुणी म्हणेल, एवढं लिहीत बसण्यापेक्षा फोन करावा. घरात मोठ्यांना निरोप नातू वाचून दाखवत असेल, तर फोनच करावा. नातू लिहिलेलं तसंच मोठ्याने वाचणार! पण चूक शिफ्टच्या किंवा भावकीच्या ग्रुपवर झाली असेल, तर फोन पुरत नाही. चारचौघांत गेलेला शब्द चारचौघांतच सुधारावा लागतो, नाहीतर बाकीच्यांच्या मनात तो तसाच राहतो. दुसरा आक्षेप असा, की आपोआप दुरुस्तीच बंद करावी. इंग्रजीपुरता तो बरा आहे. 'मारा' आणि 'मरा' यांतला गोंधळ त्याने जात नाही, कारण तो लिप्यंतराचा आहे. देवनागरी कळफलकावर मात्र म ला काना स्वतः द्यावा लागतो, तिथे अंदाजाला जागा कमी. तेवढा सराव नसेल, तर निदान एवढं करावं. एकदा निवडलेला शब्द फोन लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी आधी सुचवतो. गूगलच्या कळफलकावर तो नकोसा शब्द सुचवणीच्या पट्टीत दिसला, की त्यावर बोट दाबून धरावं आणि कचरापेटीकडे ओढून सोडावं. हे त्याच दिवशी करावं, नाहीतर मामांना दिवाळीचं बोलावणं करतानाही 'मरा' सर्वांत आधी पुढे येईल.