दम नेमका कधीपासून?
समजा, भोसरीच्या फाउंड्रीत वाळूचे साचे फोडणारा एक कामगार आहे. टीबीची औषधं घेऊनही त्याचा दम गेला नाही. सिलिकोसिसचा दावा ईएसआयच्या वैद्यकीय मंडळापुढे न्यायचा, तर विखुरलेले कागद तारखेनं लावावे लागतात. एक्स-रे काढल्याची तारीख धरा, रिपोर्ट छापल्याची नव्हे. 2019च्या डिस्चार्ज कार्डावर ‘दोन वर्षांपासून दम’ असेल, तर 2017 समोर ‘रुग्णाच्या सांगण्यावरून, अंदाजे’ असं लिहा. थुंकीत जंतू सापडले होते की औषधं नुसत्या एक्स-रेवरून सुरू झाली, तेही नोंदवा. शेजारी पगारपावत्यांवरून धुळीतली वर्षं मांडा. कंत्राटदार बदलला की पावत्यांची साखळी अनेकदा तुटते; ती जागा कोरीच ठेवा. जुनी फिल्म मात्र रद्दीत घालू नका, मंडळाला ती नव्या फिल्मशेजारी धरून पाहता येते.