दोन भाषांतला एक हशा

लग्नात अर्धे पाहुणे मराठी, अर्धे परभाषिक असतील, तर शुभेच्छा देताना यमकावर विसंबू नका. उखाण्याची गंमत यमकात असते, इंग्रजीत ती गळते. प्रसंगातली गंमत टिकते.

समजा, नवरदेवाचा मित्र म्हणाला, ‘हा पठ्ठ्या कधीच वेळेवर आला नाही. आज मात्र मुहूर्ताआधी हजर! कारण घड्याळ आता वहिनींकडे आहे.’

इंग्रजीत : ‘ही हॅज नेव्हर बीन ऑन टाइम. टुडे, ही केम अर्ली. हिज वाइफ नाउ कीप्स द क्लॉक.’

इथं मुहूर्त समजावत बसायचं नाही. ‘अर्ली’ पुरेसं आहे. मराठी हशा ओसरल्यावरच इंग्रजी सुरू करा, नाहीतर पहिलं वाक्य कुणालाच ऐकू जाणार नाही.