पहिला मेल किती ओळींचा?



भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत माझा एक परिचित आहे. कारखान्यांतली दाबाची हवा कुठं गळते ते शोधून देणं हा त्याचा व्यवसाय. सैल जॉइंट, चिरलेला पाइप, बारीक भोक यांतून निघणारा, कानाला ऐकू न येणारा आवाज टिपणारं उपकरण त्याच्याकडे आहे. नवीन गिऱ्हाइकांसाठी त्यानं 400 शब्दांचा मेल लिहिला होता. त्यात फर्मची स्थापना, प्रमाणपत्रं, ग्राहकांची यादी असं सगळं होतं आणि शेवटी ‘भेटीची वेळ कळवावी’. हाच मेल त्यानं कारखान्याच्या मालकांना पाठवला, मेंटेनन्स मॅनेजरांना पाठवला आणि पर्चेसलाही पाठवला. उत्तर कुणाचंच आलं नाही. मग मला विचारतो, “दादा, मेल लांबला का हो?”

लांबला होता, पण तिघांसाठी सारखा नाही.

मालक मेल वाचतो तो मोबाइलवर, बहुधा शॉपमध्ये उभ्यानं. त्याला उपकरण कोणतं याच्याशी देणंघेणं नाही. पैसे जातायत का, एवढंच त्याला हवं असतं. त्याच्यासाठी आम्ही मेल केला तो असा: ‘गुरुवारी सुट्टी असताना सगळी यंत्रं बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालू करून बघा. दर 10 मिनिटांत तो 3 मिनिटं लोडवर जात असेल, तर त्याची 30 टक्के हवा गळतीत जातेय. तुमचा आकडा कळवा, त्याचे वर्षाचे रुपये काढून देतो.’ नमस्कार आणि सही धरून पन्नासेक शब्द. यात भेट मागितलेली नाही, दर सांगितलेला नाही. मागितलंय ते एवढंच, की एकदा घड्याळ लावून बघा. आपला माल समजावून सांगायला अवघड असेल तर पहिला मेल वाढवायचा नसतो, त्यातली मागणी लहान करायची असते. हे माझ्या परिचिताला पटायला आठवडा लागला. चार दिवस खपून लिहिलेला मजकूर खोडायला जिवावर येतं, ते मी समजू शकतो.

मेंटेनन्स मॅनेजरचं मात्र उलट आहे. पन्नास शब्दांचा मेल त्याला उथळ वाटतो. असे पाच जण रोज त्याला वीज वाचवून देत असतात. त्याला पद्धत दिसली पाहिजे. म्हणून त्याचा मेल 150 शब्दांपर्यंत गेला. लाइन चालू असतानाच तपासणी होते, उत्पादन थांबवावं लागत नाही, हे पहिल्याच ओळीत. मग एक हिशेब: 7 बार दाबावर 3 मिलिमीटरचं एक भोक असेल, तर कॉम्प्रेसरची साधारण 3 किलोवॉट वीज त्यात जाते. वर्षाला 7,200 तास आणि युनिटला 8 रुपये धरले, तर एका भोकाचे पावणेदोन लाखांच्या आसपास होतात. शेवटी, प्रत्येक गळतीला टॅग लागेल आणि रिपोर्टमध्ये जागा, अंदाजे खर्च आणि दुरुस्तीचा क्रम असेल, हे. हा माणूस मेल वरिष्ठांपुढे ठेवतो, त्यामुळे तोंडी समजवायची वेळ येऊ नये इतपत मजकूर त्यात हवाच.

पर्चेसला हा मेल पाठवायचाच नाही, असं आम्ही ठरवलं. खालून इंडेंट आल्याशिवाय पर्चेस अशी सेवा घेत नाही. माल हातमोज्यांसारखा, सगळ्यांना ठाऊक असलेला असता तर गोष्ट वेगळी. मग समजवायचं काहीच नसतं. साइज, जोडीचा दर, जीएसटी, कमीत कमी किती घ्यावे लागतील, माल किती दिवसांत पोचेल. चाळीस शब्दांत काम होतं, पण यातला एकही आकडा गाळून चालत नाही. ‘दरासाठी संपर्क साधा’ असं लिहिलंत की तो मेल बाजूला पडलाच.

लांबी चुकली हे कळतं कसं, तर आलेल्या उत्तरांवरून. ‘तुम्ही नेमकं करता काय?’ असं कुणी विचारलं तर मेल तोकडा पडला. मेलमध्ये लिहिलेलीच गोष्ट पुन्हा विचारली तर तो लांबला, वाचणारा तिथवर पोचलाच नाही. उत्तरच आलं नाही तर मात्र लगेच लांबीला दोष देऊ नका. पत्ता चुकलेला असेल, किंवा मेल स्पॅममध्ये गेला असेल. जड ब्रोशर जोडलेला अनोळखी माणसाचा मेलही बरेचदा तिथंच जातो, म्हणून पहिल्या मेलला काही जोडू नये.

मालकांना पाठवलेल्या नव्या मेलला पहिलं उत्तर आलं ते एका ओळीचं होतं: ‘गुरुवारी पाहिलं, 10 मिनिटांत 4 मिनिटं लोडवर होता, कधी येता?’