नोटिशीतली पहिली तारीख कोणती?

मागच्या वर्षी मे महिन्यात आमच्या गटातल्या एक काकू हातात कागद घेऊन आल्या. त्यांचं महिला मंडळ ट्रस्ट म्हणून धर्मादाय कार्यालयात नोंदलेलं आहे. त्याच्या निवडणुकीची ती नोटीस होती. काकू म्हणाल्या, "अर्ज दहा ते बारा तारखेला घेणार आहेत. आज सातच आहे, वेळ आहे गं."

मी नोटीस वाचली. वर दोन ओळी होत्या. 31 मार्चपर्यंत वर्गणी भरलेल्यांनाच उभं राहता येईल आणि मत देता येईल. कच्च्या मतदार यादीवर हरकत 8 मे, संध्याकाळी पाचपर्यंत. यादी पाहिली, तर काकूंचं नावच नाही! वर्गणी त्यांनी 28 मार्चला भरली होती, पण वहीत नोंद राहून गेली होती. नशीब, पावती डब्यात सापडली. दुसऱ्या दिवशी लेखी हरकत दिली, पावतीची प्रत जोडली, पोच घेतली. नाव यादीत आलं. दहा तारखेला गेल्या असत्या, तर अर्ज बाद झाला असता. म्हणून आधी यादी, मग अर्ज.

अर्जावर सूचक आणि अनुमोदक यांच्या सह्या लागणार होत्या, आणि दोघीही मतदार यादीतल्याच हव्या होत्या. काकूंच्या सूचक जाऊबाईंची वर्गणी थकलेली निघाली, तेव्हा सूचक बदलावी लागली.

हे सगळं निवडणूक निर्णय अधिकारी पाहतो. तो स्वतः उमेदवार नसावा. अर्ज घेताना त्यानं तारीख-वेळ टाकून पोच द्यावी. छाननी उमेदवारांसमोर करावी आणि अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यावं. नियम मात्र तो आपल्या मनानं बनवू शकत नाही. ते ट्रस्टच्या नियमावलीत असतात आणि प्रत्येक ट्रस्टचे वेगळे असू शकतात. म्हणून नियमावलीची प्रत मागून घ्या.

मतदान गुप्त चिठ्ठीनं होतं. जागा सात होत्या. सातपेक्षा जास्त फुल्या मारल्या तर चिठ्ठी बाद, कमी मारल्या तर चालतात, असं नोटिशीतच लिहिलं होतं. तरी मोजणीत काही चिठ्ठ्या आठ फुल्यांच्या निघाल्या आणि बाद झाल्या. काकू निवडून आल्या, अवघ्या तीन मतांनी.

निकालावर सही झाली की अधिकाऱ्याचं काम संपतं, आपलं नाही. नव्या मंडळाची नोंद होण्यासाठी 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. तो राहिला, तर कार्यालयाच्या नोंदीत जुनीच नावं राहतात आणि बँकेत सह्या बदलताना अडतं. काकूंनी पहिल्याच सभेत तो विषय घेतला.

तर मैत्रिणींनो, वर्गणीची पावती आजच शोधून ठेवा.