तोटा दाखवला, पण शेअर सोडला का?



मी पुण्यात बसून अमेरिकेतल्या लोकांची कर-विवरणपत्रं भरते. आपल्या शहरांत हे काम करणारी हजारो मुलं-मुली आहेत, तुमच्यापैकीही काही उद्या ते करतील. जानेवारी ते एप्रिल हा आमचा हंगाम. त्या दिवसांत मी घरच्यांचेही फोन उचलत नाही. पण एका फेब्रुवारीत न्यू जर्सीतल्या माझ्या खालाजाद भावाचा फोन लागोपाठ तीनदा आला, म्हणून घेतला. म्हणाला, "आपा, माझा तोटा कुठे गेला?"

आज मला तुमच्याशी त्याच्या त्या हरवलेल्या तोट्याबद्दल बोलायचं आहे.

त्या वर्षी त्याने एका कंपनीचे जुने शेअर विकले होते आणि त्यात १०,००० डॉलर नफा झाला होता. वर्षापेक्षा जास्त काळ ठेवलेल्या शेअरच्या नफ्यावर त्याच्या उत्पन्नगटाला १५ टक्के कर लागतो, म्हणजे १,५०० डॉलर. राज्याचा कर आपण बाजूला ठेवू. त्याच्याकडे एका चिप बनवणाऱ्या कंपनीचेही २०० शेअर होते. ते त्याने १०० डॉलरच्या भावाने घेतले होते आणि डिसेंबरात भाव ६० वर आला होता. २०,००० चे १२,००० झाले. कागदावर ८,००० डॉलरचा तोटा. कागदावर अशासाठी, की विकल्याशिवाय कर खातं तो तोटा मानत नाही.

१५ डिसेंबरला त्याने ते २०० शेअर विकून टाकले. आता १०,००० च्या नफ्यातून ८,००० चा तोटा वजा होणार, कर फक्त २,००० वर, म्हणजे ३०० डॉलर. १,२०० डॉलर वाचले. पडलेले शेअर मुद्दाम विकून तो तोटा नफ्यासमोर उभा करायचा, याला टॅक्स-लॉस हार्वेस्टिंग म्हणतात, तोट्याची कापणी म्हणा. यात लपवाछपवी काही नाही, कायदा हे करू देतो.

पण माझ्या भावाचा त्या कंपनीवरचा विश्वास काही उडाला नव्हता. नाताळानंतर भाव चढायला लागला तसा त्याचा जीव वरखाली होऊ लागला. २७ डिसेंबरला ६३ च्या भावाने त्याने तेच २०० शेअर परत घेतले. फेब्रुवारीत ब्रोकरकडून १०९९-बी नावाचा वर्षाचा हिशेब आला. त्यात त्या विक्रीसमोर ८,००० चा आकडा वेगळ्या रकान्यात होता आणि रकान्याचं नाव होतं ‘वॉश सेल लॉस डिसअलाउड’. म्हणजे हा तोटा आत्ता मान्य नाही.

अमेरिकेत हा नियम १९२१ पासून आहे. पहिल्या महायुद्धामुळे तिथे वरच्या उत्पन्नावरचे कराचे दर ७० टक्क्यांच्या वर गेले होते. वर्ष संपताना पडलेले शेअर विकायचे, तोटा दाखवायचा आणि लगेच तेच शेअर परत घ्यायचे, हा सोपा उपाय होता. संध्याकाळी तुमच्या हातात तेच शेअर, तेवढेच, बदललेलं काही नाही. फक्त सरकारच्या तिजोरीत कमी पैसे. तेव्हा कायद्याने एक साधा प्रश्न विचारला: तुम्ही ती वस्तू खरंच सोडली का? विक्रीच्या आधीचे ३० दिवस आणि नंतरचे ३० दिवस, विक्रीचा दिवस धरून एकूण ६१ दिवस. या काळात तेच किंवा जवळजवळ तेच शेअर घेतले, तर सोडले असं मानणार नाही. इंग्लंडात याच खेळाला गमतीने ‘बेड अँड ब्रेकफास्ट’ म्हणत, संध्याकाळी विका आणि सकाळी नाश्त्याच्या वेळी परत घ्या. तिथे १९९८ मध्ये ३० दिवसांचा नियम आला आणि तो खेळ बंद झाला.

भावाने विचारलं, "नंतरचे ३० दिवस समजले, पण आधीचे कशाला?" विचार करा. समजा तुमच्याकडे २०० शेअर आहेत. १० डिसेंबरला तुम्ही आणखी २०० घेतले आणि १५ ला जुने २०० विकले. परत काही घेतलं नाही, पण हातात २०० आहेतच. तोच खेळ, फक्त उलट्या क्रमाने. आधीचे दिवस मोजले नसते, तर नियमाला काही अर्थच उरला नसता.

आता त्याच्या मूळ प्रश्नाकडे येते. तोटा गेला कुठे? लोक समजतात की सरकारने तो खाल्ला. तसं नाही. अमान्य झालेला तोटा नव्या शेअरच्या खरेदी किमतीत मिळवला जातो. त्याने नवे शेअर १२,६०० डॉलरना घेतले. त्यात ८,००० मिळवले की कर खात्याच्या लेखी त्यांची किंमत २०,६०० झाली, एका शेअरला १०३. जुने शेअर जितके दिवस ठेवले होते, तो काळही नव्या शेअरना जोडला जातो. समजा पुढच्या वर्षी त्याने ते ७५ ने विकून १५,००० मिळवले, तर ५,६०० चा तोटा दाखवता येईल. खिशाचा हिशेब करून बघा. आधी २०,००० गेले, १२,००० आले, मग १२,६०० गेले, १५,००० आले. एकूण गेले ५,६००. आकडा जुळतो. म्हणजे तोटा नव्या शेअरच्या पोटात बसून राहिला होता. पण ते १,२०० डॉलर त्याला १५ एप्रिलच्या आत भरायचे होतेच, आणि वाचले म्हणून त्याने ते केव्हाच घराच्या डाउन पेमेंटमध्ये धरले होते. फोनवर आवाज चढला होता तो त्यामुळे.

आणि खरं सांगायचं, तर कापणी नीट जमली असती तरी कर बराचसा पुढे ढकलला गेला असता. तो १५ जानेवारीपर्यंत थांबला असता आणि ६६ ला परत घेतले असते, तर नव्या शेअरची किंमत ६६ च धरली गेली असती. पुढे भाव १०० वर गेला, की ३४ च्या नफ्यावर कर द्यावा लागणारच. आज कर वाचला आणि ते पैसे काही वर्षं आपल्याकडे राहिले, हा फायदा आहे. पण तो फुकटचा पैसा नाही, आणि महिनाभर बाहेर राहिल्याने भाव हातून निसटण्याची जोखीमही आहे.

मग त्याने घरोघरी सुचणारी युक्ती काढली. "पुढच्या वेळी मी विकतो, बायकोच्या नावावर घेतो." मी म्हटलं, अरे, हे तुझ्याआधी सगळ्यांना सुचून गेलंय. पती-पत्नीपैकी एकाने विकलं आणि दुसऱ्याने घेतलं, तर तोही वॉश सेलच. निवृत्तीसाठीच्या आयआरए खात्यात घेतले तर त्याहून वाईट. २००८ मध्ये तिथल्या कर खात्याने स्पष्ट केलं, की तोटा तर अमान्य होतोच, शिवाय आयआरएतल्या शेअरच्या किमतीतही तो मिळवता येत नाही. इथे मात्र तोटा खरोखर बुडतो.

आमच्या कामात जास्त वेळा सापडते ती चूक इतकी हुशारीची नसते. लाभांश आला की त्याचे आपोआप तेच शेअर घ्यायची सोय लोकांनी सुरू ठेवलेली असते. १५ डिसेंबरला सगळं विकलं, पण ३ जानेवारीला आधीच्या लाभांशातून तीन शेअर खात्यात आले. घाबरायचं कारण नाही, जितके शेअर परत आले तितक्यांचाच तोटा अडतो. दर शेअर ४० चा तोटा असेल, तर तीन शेअरचे १२० अडतील, बाकी मान्य. मात्र ब्रोकरचा कागद फक्त त्याच खात्यातलं, त्याच शेअरचं बघतो. दुसऱ्या ब्रोकरकडे किंवा बायकोच्या खात्यात काय झालं, ते त्याला दिसत नाही. तो रकाना कोरा आहे म्हणून सुटलो असं नाही, ते शोधून दाखवणं आपल्यावर असतं. म्हणून मी फाइल हातात घेतली की घरातल्या सगळ्या खात्यांचा १५ नोव्हेंबर ते ३१ जानेवारीचा उतारा मागते. लोक वैतागतात. त्यातच सापडतं.

‘जवळजवळ तेच’ म्हणजे काय, हाही वाद आहे. चिप बनवणाऱ्या एका कंपनीचे विकून दुसऱ्या कंपनीचे घेतले तर हरकत नाही. त्याच कंपनीचा शेअर विकत घ्यायचा करार, म्हणजे कॉल ऑप्शन, घेतला तर नियम लागतो. पण एकाच निर्देशांकावर चालणारे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे फंड? तिथे कर खात्याने स्वच्छ रेघ ओढलेली नाही, म्हणून मी ग्राहकाला वेगळ्या निर्देशांकाचा फंड सुचवते.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं डिमॅट खातं इथे आहे, तेव्हा इथलंही सांगते. भारतात असा ३० दिवसांचा नियम नाही. मार्चमध्ये पडलेले शेअर विकून दुसऱ्या दिवशी परत घेता येतात. पण त्याच दिवशी नाही. सकाळी १०० विकले आणि दुपारी त्याच ब्रोकरकडून त्याच बाजारात १०० घेतले, तर दोन्ही व्यवहार एकमेकांत वळते होतात, डिमॅटमधून काही बाहेरच जात नाही. तो इंट्राडे, सट्ट्याचा व्यवहार ठरतो आणि तुमचा जुना तोटा जिथे होता तिथेच राहतो. दुसरं, दीर्घ मुदतीचा तोटा फक्त दीर्घ मुदतीच्या नफ्यातून वजा होतो. अल्प मुदतीचा दोन्हींतून.

‘सोडलं का?’ हा प्रश्न आपल्या कायद्यातही एका जागी आहे. बोनस शेअरच्या आशेने रेकॉर्ड डेटच्या आधीच्या तीन महिन्यांत शेअर घेतले, बोनस मिळाला, भाव उतरला, आणि बोनस हातात ठेवून नऊ महिन्यांच्या आत मूळ शेअर तोट्यात विकले, तर तो तोटा धरत नाहीत. तो बोनस शेअरची किंमत म्हणून लिहिला जातो. पूर्वी हे फंडाच्या युनिटपुरतं होतं, २०२२ च्या वित्त कायद्याने शेअरनाही लागू झालं.

माझ्या भावाने त्या एप्रिलमध्ये १,५०० डॉलर पूर्ण भरले. पुढच्या डिसेंबरात पुन्हा फोन आला, या वेळी विकायच्या आधी. लाभांशाची आपोआप खरेदी बंद केली होती, बायकोलाही सांगून ठेवलं होतं. "आपा, १५ तारखेला विकले तर परत कधी घेऊ?" मी म्हटलं, १४ जानेवारीपर्यंत हात लावू नकोस. तो म्हणाला, "आणि तोवर भाव वर गेला तर?" त्याचं उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हतं.