अब्बा गेले की गेले होते?

संध्याकाळी मी प्रौढांना इंग्रजी शिकवतो. कवितेवर घर चालत नाही, हे काही नव्याने सांगायला नको. वर्गात पन्नाशीचे एक शिंपी येतात. सगळे त्यांना मास्टर म्हणतात, मीही म्हणतो. वडिलांच्या शेवटच्या रात्रीविषयी त्यांनी इंग्रजीत दीड पान लिहून आणलं. चारचौघांत त्यावर लाल पेन चालवणं जिवावर आलं, म्हणून मी त्यांना पत्र लिहिलं. तेच वाचतो.

मास्टर, सलाम.

तुम्ही लिहिलंत, ‘व्हेन आय रीच्ड द हॉस्पिटल, माय फादर डाइड.’ याचा अर्थ असा होतो, की तुम्ही पोहोचलात आणि मग अब्बांनी प्राण सोडला. म्हणजे भेट झाली. पण चहा पिताना तुम्ही मला म्हणाला होतात, ‘मी पोहोचलो तेव्हा अब्बा गेले होते.’ त्या ‘होते’चं काम इंग्रजीत ‘हॅड’ करतं. ‘माय फादर हॅड डाइड’ असं लिहा.

तुम्ही विचाराल, घडलं त्याच क्रमाने सांगितलं तर? अब्बांनी दोनदा माझं नाव घेतलं, मग ते गेले, मग मी पोहोचलो. तसं सांगितलंत तर एकही ‘हॅड’ लागत नाही. साधा भूतकाळ पुरतो. पण तुम्हाला ते त्या क्रमाने कळलं नाही ना! आधी रिकामी खाट दिसली, नाव घेतल्याचं नर्सने नंतर सांगितलं. तुमची गोष्ट दारातून सुरू होते आणि तिथून मागे वळून पाहते. मागे वळलात, की ‘हॅड’ हवा. ‘ही हॅड आस्क्ड फॉर मी ट्वाइस.’ एकदोन वाक्यांत वाचक मागच्या वेळेत पोहोचला, की लांबलेली हकिकत साध्या भूतकाळात सांगितली तरी चालते. दारात परतताना मात्र ‘व्हेन आय हर्ड धिस’ असं काहीतरी लिहा, नाहीतर तो मागेच राहील.

आता उलटी चूक. दुसऱ्या पानावर आहे, ‘येस्टरडे आय हॅड गॉन टु दादर.’ मराठीत ‘काल दादरला गेलो होतो’ अगदी बरोबर. जाऊन परत आलो, एवढंच आपण सांगतो. इंग्रजी वाचक मात्र ‘हॅड’ ऐकून थांबतो: कशाच्या आधी? पुढे दुसरी घटना नसेल, तर ‘आय वेंट’ लिहा. प्रत्येक ‘हॅड’पाशी हाच प्रश्न विचारा. उत्तर मिळालं नाही, तर तो खोडा.

पत्र संपलं. मंगळवारी मास्टर आले. दादरचा ‘हॅड’ खोडला होता. अब्बांचं वाक्य त्यांनी नव्या ओळीवर, सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. म्हणाले, ‘सर, पहिलंच बरं वाटत होतं. त्यात भेट झाली होती.’