आवाज, टंकलेख आणि हस्ताक्षर



एकाच घटनेविषयी तीन माणसांना लिहायचे असेल, तर प्रत्येकासाठी कोणते साधन निवडावे, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. साधने तीन आहेत. पहिले ध्वनिसंदेश, म्हणजे ज्याला आपण रोजच्या बोलण्यात व्हॉइस नोट म्हणतो ते. दुसरे, फोनवर टंकित करून पाठवलेला संदेश. तिसरे, हाताने लिहिलेले कार्ड.

निवडीचा हा प्रश्न नवा नाही. आपल्या देशातील तारसेवा जुलै 2013 मध्ये बंद झाली. तोपर्यंत तार आणि पत्र यांच्यात निवड करावी लागत असे, आणि त्या निवडीलाही अर्थ होता. दारात तारवाला उभा राहिला की तार उघडण्यापूर्वीच घरातील माणसांच्या काळजात धस्स होई. तारेत बढतीची वार्ता असली, तरी पहिला क्षण भीतीचाच असे. मजकुराच्या आधी साधन बोलते, ही गोष्ट आपल्या आधीच्या पिढ्या अनुभवाने जाणत होत्या. आजच्या साधनांनाही ती लागू आहे. फक्त ती साधने अजून आपल्या अंगवळणी पडलेली नाहीत.

सर्व प्रसंगांचा विचार एका व्याख्यानात होणार नाही. म्हणून सर्वांत नाजूक असा एकच प्रसंग घेऊ. असे समजू या की, माझ्याबरोबर अनेक वर्षे भाषांतराचे काम केलेले एक सहकारी वडोदऱ्यात वारले. त्यांचे घर मराठी, गायकवाडांच्या काळापासून तिथे स्थायिक झालेल्या अनेक घरांसारखे. घरात बोलणे मराठीत, पण पुढच्या पिढ्यांचे शिक्षण गुजरातीत किंवा इंग्रजीत. मला तिघांना लिहायचे आहे: त्यांच्या पत्नीला, बंगळूरला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाला आणि त्यांच्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आईला.

प्रत्येकाच्या बाबतीत मी स्वतःला तीन प्रश्न विचारते. या व्यक्तीला माझा संदेश दुसऱ्याच्या मदतीशिवाय ग्रहण करता येईल का? त्यातील एखादी गोष्ट तिला पुन्हा शोधावी लागेल का? आणि हा संदेश ती जपून ठेवील का? पहिल्या प्रश्नात लिपी, दृष्टी आणि श्रवण यांचा विचार येतो, दुसऱ्यात कामाचा, तिसऱ्यात भावनेचा.

प्रथम मुलाचा विचार करू, कारण पहिला संदेश त्यालाच जायला हवा. अशा दिवसांत त्याचा फोन सतत वाजत असतो. माणसे भोवती बसलेली असतात. ध्वनिसंदेश पाठवला, तर तो ऐकण्यासाठी त्याला उठून बाजूला जावे लागेल, आणि माझ्या दोन मिनिटांच्या बोलण्यात कामाची गोष्ट नेमकी कुठे आहे हे पूर्ण ऐकल्याशिवाय त्याला कळणार नाही. टंकित संदेशावरून मात्र नजर फिरवता येते, तो पुढे पाठवता येतो आणि आठ दिवसांनी एखादा शब्द टाकून शोधताही येतो. येथे कामाच्या गोष्टी आहेत: वडिलांच्या शेवटच्या भाषांतराची तीन प्रकरणे माझ्याकडे आहेत आणि प्रकाशकाकडून काही मानधन येणे आहे. म्हणून त्याच्यासाठी टंकित संदेश.

तो कोणत्या लिपीत लिहावा, हा प्रश्न भाषांतरकाराच्या विशेष परिचयाचा आहे. महाराष्ट्राबाहेर वाढलेली अनेक मुले मराठी उत्तम समजतात, बोलतात, पण देवनागरी मजकूर अडखळत वाचतात. त्यांना रोमन अक्षरांतील मराठी सोपे जाते. मात्र तिथे एक खाचखळगा आहे. के, ए, एल ही तीन रोमन अक्षरे लिहिली, तर मराठी मनुष्य ‘काल’ असे वाचतो, म्हणजे होऊन गेलेला दिवस. हिंदीच्या सहवासात वाढलेला ‘कल’ असे वाचतो, आणि हिंदीत तो शब्द होऊन गेलेल्या दिवसाला चालतो तसा येणाऱ्या दिवसालाही चालतो. ‘काल प्रकाशकांशी बोलणे झाले’ आणि ‘उद्या होईल’ यांत मोठे अंतर आहे. म्हणून रोमन लिपीत लिहिताना ‘काल’, ‘उद्या’, ‘परवा’ हे शब्द टाळून वार आणि तारीख लिहावी.

दुसरी गोष्ट पहिल्या ओळीची. फोन कुलूपबंद असतानाही संदेशाची पहिली ओळ बहुधा पडद्यावर उमटते आणि शेजारी बसलेल्याला ती दिसते. पैशाचा उल्लेख त्या ओळीत नसावा. माझा संदेश असा असेल: ‘वडिलांची वार्ता कळली, फार वाईट वाटले. त्यांची तीन प्रकरणे माझ्याकडे सुरक्षित आहेत. प्रकाशकांशी व्यवहाराचे काय करायचे ते महिन्याभराने बोलू, घाई नाही. एकच विचारते: आजींना सांगितले आहे का? याला एका शब्दात उत्तर दिलेत तरी पुरे.’

हा शेवटचा प्रश्न औपचारिक नाही. आपल्याकडे अनेक घरांत वृद्ध आईपासून मुलाच्या मृत्यूची वार्ता काही दिवस लपवून ठेवतात. तो निर्णय योग्य की अयोग्य, हे ठरवणे बाहेरच्या माणसाचे काम नव्हे. पण आपल्या संदेशातून ती वार्ता फुटू नये, ही जबाबदारी मात्र आपलीच. म्हणून ‘होय, सांगितले’ असे उत्तर येईपर्यंत आईला काहीही पाठवायचे नाही.

आता पत्नीचा विचार करू. त्यांना मी हाताने कार्ड लिहीन. याचे पहिले कारण काळाशी संबंधित आहे. टपालाने जाणारे कार्ड काही दिवस उशिरा पोहोचते, आणि येथे तो उशीर उपकारक ठरतो. पहिल्या दिवसांत घर भरलेले असते. तेराव्यानंतर पाहुणे परततात, फोन थांबतात आणि घर एकाएकी रिकामे होते. त्या सुमारास आलेले पत्र वाचायला सवड असते. दुसरे कारण असे की, कार्ड उत्तर मागत नाही. फोनवरील संदेश वाचला गेल्याची खूण पाठवणाऱ्याला दिसू शकते आणि वाचणाऱ्याला उत्तराचे ओझे वाटते. कार्ड मुकाट्याने कपाटात ठेवता येते आणि वर्षाने पुन्हा काढता येते.

मात्र हे साधन नाजूक वस्तुस्थितीसाठी वापरू नये. टपाल गहाळ होऊ शकते. म्हणून तारीख, रक्कम, वेळ यांपैकी काहीही केवळ कार्डावर विसंबून कळवू नये. मौन गैरसमजाचे कारण होऊ नये यासाठी त्याच दिवशी एक ओळ टंकित करून पाठवावी: ‘वार्ता कळली. पत्र लिहिते आहे. उत्तराची अपेक्षा नाही.’

लिहिण्याची पद्धत सांगते. उघडे पोस्टकार्ड येथे योग्य नाही, कारण तो मजकूर वाटेत कोणीही वाचू शकतो. साधे पांढरे कार्ड लिफाफ्यात घालावे. पावसाळ्यात शाईच्या पेनाने लिहिलेला पत्ता ओघळतो, तेव्हा पत्त्यासाठी तरी बॉलपेन वापरावे आणि सहा अंकी पिनकोड स्पष्ट लिहावा. लिफाफ्यावर नाव लिहिताना हाताला सवयीने ‘सौ.’ लिहिण्याचा मोह होतो. अशा वेळी ते एक अक्षर मजकुराच्या आधीच घाव घालते. तेथे ‘श्रीमती’ लिहावे. पत्राच्या माथ्यावर ‘श्री’ लिहिण्याची आपली रीत आहे, पण दुखवट्याच्या पत्रात ते न लिहिण्याची प्रथा अनेक घरांत पाळली जाते. ज्यांच्या घरी ती पाळतात त्यांना ते खटकते, म्हणून सोडून द्यावे.

पत्नीचे शिक्षण गुजराती माध्यमात झाले असले, तरी हिंदीमुळे देवनागरी त्यांच्या परिचयाची आहे. जोडाक्षरे सुटी आणि ठसठशीत काढली, वाक्ये आखूड ठेवली, की झाले. साठ-सत्तर शब्द पुरेत. त्यांत त्यांच्या पतीविषयी एक अशी गोष्ट असावी, जी मलाच ठाऊक आहे: एखाद्या शब्दासाठी ते चार कोश उघडत आणि शेवटी आपल्या आईचा बोलीतील शब्द पसंत करीत. ‘काही लागले तर कळवा’ असे मोघम लिहू नये, कारण मागण्याचे ओझे त्यामुळे पुन्हा त्यांच्यावरच पडते. ‘त्यांच्या हस्तलिखितांची यादी करायला मी दिवाळीनंतर येऊ शकेन’ असे निश्चित लिहावे.

शेवटी आई. त्यांची दृष्टी अधू झाली आहे. कार्ड पाठवले तर ते कोणीतरी वाचून दाखवणार, म्हणजे माझे शब्द परक्या आवाजात पोहोचणार. त्यांच्यासाठी ध्वनिसंदेशच योग्य. मात्र घरातून होकार आल्यावर.

वाढत्या वयात श्रवणशक्ती कमी होते ती प्रथम उंच स्वरांच्या बाबतीत. त्यामुळे ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखे वर्ण आधी हरवतात आणि ‘आवाज येतो पण शब्द कळत नाही’ अशी तक्रार ऐकू येते. यावर मोठ्याने बोलणे हा उपाय नव्हे. सावकाश आणि वाक्यावाक्यांत थांबून बोलणे हा आहे. पंखा बंद करावा, खिडकी लावावी, फोन तोंडापासून वीतभर अंतरावर धरावा. पाठवण्यापूर्वी एकदा स्वतः ऐकावे. पंख्याची घरघर किंवा रस्त्यावरचा कर्णा आपल्या कानाला तेव्हाच कळतो. एका मिनिटापेक्षा लांब बोलू नये.

आरंभी आपली ओळख सांगावी, कारण पडद्यावरचे नाव त्यांना दिसत नाही. ‘आजी, मी नागपूरहून बोलते आहे, तुमच्या मुलाबरोबर पुस्तकांचे काम करणारी. तुम्ही मला एकदा पुरणपोळी करून वाढली होतीत.’ फोन बहुधा नातवंडाच्या हातात असतो आणि ध्वनिसंदेश मोठ्याने, सर्वांच्या देखत लागतो; तेव्हा खोलीतल्या सगळ्यांनी ऐकावे असेच बोलावे. ‘कसे झाले हो हे?’ असा प्रश्न तर मुळीच विचारू नये. ज्याला जागेवर उत्तर देता येत नाही, त्याला प्रश्न विचारणे क्रूर आहे. आणखी एक विनंती नातवंडाला टंकित करून पाठवावी: संदेश मूळ वेगानेच लावावा. दीडपट-दुप्पट वेगाने ऐकण्याची सोय तरुणांच्या हाताला इतकी सरावलेली असते की, सांत्वनाचे शब्दही घाईघाईत उमटतात आणि आजींना त्यातील काहीच उमगत नाही.

घटना एक, घर एक; तरी तिघांपर्यंत तीन वाटांनी जावे लागले, आणि त्यांचा क्रमही ठरलेला होता: आधी मुलाला टंकित संदेश, त्याच दिवशी पत्नीला कार्ड, आणि होकार मिळाल्यानंतरच आईला आवाज. यांपैकी एखादी परिस्थिती बदलली, तर निवडही बदलेल. आईंना ऐकू येत नसेल आणि दिसत असेल, तर मोठ्या अक्षरांतील कार्ड हेच त्यांचे साधन ठरेल. मुलाला मराठी केवळ कानाने येत असेल, तर कामाचा तपशील इंग्रजीत टंकित करावा आणि त्याच्या वडिलांविषयीचे चार शब्द, तो घरी एकटा असेल अशा वेळी, मराठीत बोलून पाठवावेत.